नवं सिम तुमचं, फोन मात्र दुसऱ्याचे : वापरलेला नंबर वाट्याला आला तर काय करायचं?

संतपूर : नवं सिम घेतलं, रिचार्ज मारला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कुणीतरी विचारतं, "काका, तूर कधी देताय?" दुपारी बँकेचा मेसेज येतो की तुमच्या खात्यातून इतके रुपये वजा झाले. ती बँक तुमची नसते, खातंही तुमचं नसतं. संध्याकाळी कर्जवसुलीवाला कन्नडमध्ये दम देतो. औराद, भालकी, बसवकल्याणकडे आणि पलीकडे उदगीर, देगलूरकडेही हे अनुभव आता नवे राहिलेले नाहीत. आपल्याकडं बहुतेक जण "राँग नंबर री" म्हणून फोन ठेवतात आणि विषय सोडून देतात. पण हा राँग नंबर नसतो. समोरच्यानं बरोबर नंबर लावलेला असतो, त्या नंबरचा माणूस बदललेला असतो.

हा काही घोटाळा नाही, आधी एवढं समजून घ्या. देशात ११५ कोटींहून जास्त मोबाईल जोडण्या आहेत आणि नंबर दहाच आकडी. त्यातही सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ नेच होते. त्यामुळे बंद पडलेला नंबर कंपन्या काही काळानं पुन्हा विकायला काढतात आणि नियमानं त्यांना तो हक्क आहे. नंबर ही आपली मालमत्ता नाही, वापरायला दिलेली वस्तू आहे.

हे फिरतं कसं, ते तारखांवर पाहू. समजा, भालकीकडचा एक माणूस कामाला पुण्याला गेला. तिथं नवं सिम घेतलं आणि जुनं काढून डब्यात टाकलं. जुन्या सिमवर शेवटचा फोन १ जानेवारीला झाला. ट्रायच्या नियमानुसार सलग ९० दिवस त्या नंबरवर काहीच झालं नाही, म्हणजे फोन, मेसेज, इंटरनेट, येणं-जाणं काही नाही, आणि प्रीपेड शिल्लकही २० रुपयांच्या खाली असली, तर कंपनी तो नंबर बंद करू शकते. म्हणजे १ एप्रिलच्या सुमारास तो बंद. त्यानंतर आणखी किमान ९० दिवस तो कुणालाही द्यायचा नाही, अशी दूरसंचार विभागाची २०१७ ची सूचना आहे. ती मुदत ३० जूनला संपते. जुलैमध्ये औराद तालुक्यातला एखादा पोरगा दुकानात जाऊन सिम मागतो आणि नेमका हाच नंबर त्याच्या हातात पडतो.

या सहा महिन्यांत कंपनीच्या वहीत जुन्या माणसाचं पान मिटलं आणि नव्याचं उघडलं. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर एका लेजरमधली नोंद बदलली, पण त्याच नंबरची नोंद आणखी वीस लेजरांत आहे. बँक, आधार, गॅस एजन्सी, मुलांची शाळा, फायनान्स कंपनी, किराणा दुकान, बहिणीच्या फोनमधली यादी. त्या वीस ठिकाणी कुणीच काही बदललेलं नाही. सगळा गोंधळ इथंच आहे.

क्रिकेटपटूचा नंबर खेड्यात

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २०२५ चं आहे, आणि तेही सीमेवरच्याच एका जिल्ह्यातलं. छत्तीसगडमधल्या गरियाबंद जिल्ह्यात, ओडिशाच्या हद्दीजवळ, मडागाव नावाच्या खेड्यातल्या एका तरुणानं जूनच्या शेवटी साधं सिम घेतलं. व्हॉट्सअ‍ॅप चालू केलं तर प्रोफाइलवर फोटो दिसला रजत पाटीदारचा. बंगळूरच्या आयपीएल संघाचा हा कर्णधार, त्याच वर्षी त्यानं संघाला करंडक जिंकून दिला होता. मग फोन सुरू झाले. कुणी सांगे मी विराट कोहली बोलतोय, कुणी सांगे डिव्हिलियर्स. पोराला आणि त्याच्या मित्रांना वाटलं कुणीतरी गंमत करतंय, त्यांनीही तशीच उत्तरं दिली. शेवटी खुद्द पाटीदारनं फोन करून नंबर परत मागितला, तरी त्यांचा विश्वास बसेना. पोलीस दारात आले तेव्हा खरं काय ते कळलं. पाटीदारचा नंबर वापराविना बंद पडला होता आणि कंपनीनं तो नियमाप्रमाणे पुन्हा विकला होता.

त्या तरुणानं राजीखुशीनं सिम परत दिलं. यात त्याची चूक काहीच नव्हती. नंबर त्याच्या नावावर, त्याच्या कागदपत्रांवर आणि रीतसर मिळालेला होता. पाटीदार मोठा माणूस, म्हणून पोलीस मध्ये पडले आणि नंबर परत मिळाला. भालकीच्या त्या कामगारासाठी कोण पोलीस पाठवणार? त्याचा नंबर गेला तो गेलाच.

हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. बंद नंबर दुसऱ्याला देऊच नयेत, अशी मागणी करणारी याचिका एका वकील महिलेनं केली होती. न्या. संजीव खन्ना आणि न्या. एस. व्ही. एन. भट्टी यांच्यापुढं २०२३ मध्ये ती आली. ट्रायनं ९० दिवसांचा नियम सांगितला. न्यायालयानं याचिका पुढं चालवली नाही आणि म्हटलं की आपली माहिती सांभाळणं हे जुन्या ग्राहकाचं काम आहे. नंबर सोडताना त्यानं व्हॉट्सअ‍ॅप खातं काढून टाकावं, फोनमधला आणि ड्राइव्हवरचा डेटा पुसावा. कायद्याच्या बाजूनं हे ठीक आहे. पण सिम डब्यात टाकणाऱ्याला आपण नंबर 'सोडतोय' हे ठाऊकच नसतं, ही खरी अडचण.

दुकानातच दोन मिनिटं काढा

सिम चालू करण्याआधी दुकानदार दोन-चार नंबर दाखवतो. आपण शेवटचे आकडे लक्षात राहतील का एवढंच बघतो. त्याऐवजी सोबतच्या माणसाच्या फोनमध्ये तो नंबर सेव्ह करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो किंवा नाव येतं का पाहा. मग कुठल्याही यूपीआय अ‍ॅपमध्ये पैसे पाठवायच्या जागी तो नंबर टाका. पैसे पाठवायचे नाहीत, फक्त नाव येतं का बघायचं. दुसऱ्याच कुणाचं नाव आलं, तर त्या नंबरवर अजून कुणाचं तरी बँक खातं लटकलेलं आहे. सरळ दुसरा नंबर मागा. एकदा सिम चालू झालं की दुकानदार हात वर करतो, आणि त्याच्या हातात खरंच काही राहत नाही.

काहीच दिसलं नाही म्हणजे नंबर कोरा आहे, असंही नाही. कर्जवसुलीच्या यादीत किंवा शाळेच्या रजिस्टरात तो आहे का, हे असं कळत नाही. तरी मोठी जोखीम इथंच गाळली जाते.

घरी आल्यावर पहिलं काम हे की नंबर खरोखर तुमच्याच नावावर आहे का ते पाहा. sancharsaathi.gov.in या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती नंबर आहेत त्याची यादी दिसते. त्यात हा नंबर असायला हवा. आणि सिम ज्या दिवशी चालू झालं ती तारीख, दुकानाचं नाव कुठंतरी लिहून ठेवा, आलेला पहिला मेसेज पुसू नका. पुढं कुणाशीही वाद झाला तर "हा नंबर माझ्याकडे अमुक तारखेपासून आहे" हे सांगायला तोच पुरावा.

मग व्हॉट्सअ‍ॅप. तुम्ही नोंदणी केली की जुन्या माणसाच्या फोनवरचं खातं, अजून चालू असेल तर, बंद होतं. त्याच्या जुन्या गप्पा तुम्हाला दिसत नाहीत, त्या त्याच्या फोनमध्ये राहतात. पण त्याच्या ओळखीचे लोक तुम्हालाच तो समजून लिहीत राहतात. म्हणून स्वतःचं नाव आणि फोटो लगेच लावा, निम्मे मेसेज त्यानंच थांबतात. अनोळखी ग्रुप दिसले तर बाहेर पडा. नोंदणी करताना सहा आकडी पिन मागितला, तर तो जुन्या माणसानं लावलेला आहे. अंदाजानं आकडे मारत बसू नका. सात दिवस थांबलात की पिन नव्यानं ठरवता येतो.

टेलिग्रामचं वेगळं आहे आणि ते फार जणांना माहीत नाही. तिथं मेसेजवर आलेला कोड टाकला की जुन्या माणसाचं आख्खं खातं तुमच्यापुढं उघडू शकतं, गप्पांसकट. तसं झालं तर काही न वाचता बाहेर या.

ओटीपी आला, आता?

सगळ्यात नाजूक भाग हा. तुम्ही काही केलेलं नसताना बँकेचा, आधारचा किंवा गॅस सिलिंडरचा ओटीपी येतो. याची दोन कारणं असू शकतात. एक, जुना माणूस कुठंतरी आपलं काम करतोय आणि तिथं त्याचा जुना नंबरच नोंदलेला आहे. दोन, कुणी भामटा खात्यात शिरायचा प्रयत्न करतोय. तुमच्या बाजूनं दोन्हींत फरक दिसत नाही.

थोड्या वेळानं फोन येतो. "भाऊ, तो माझा जुना नंबर आहे. गॅसवाला दारात उभा आहे, तेवढा ओटीपी सांगा." बोलणारा मराठी आहे, गावाचं नाव सांगतो, काकुळतीला आलाय. तो खरा असेलही. तरी सांगू नका. जुनं पासबुक किंवा चोरलेला फोन हाती लागलेला माणूसही हेच बोलेल, गाव तर कुणीही सांगेल. त्याला नीट शब्दांत सांगा की, "पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा, नंबर बदलून घ्या, मी ओटीपी कुणालाच देत नाही." हे कठोर वाटतं. पण एकदा ओटीपी दिला आणि पैसे गेले, तर पोलिसांच्या कागदावर तुमचा नंबर येतो.

उलट बाजूही सांगायला हवी. दुसऱ्याचा ओटीपी वापरून त्याच्या खात्यात 'जरा बघू' म्हणून शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क खाली गुन्हा होऊ शकतो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड अशी तरतूद आहे. नंबर तुमचा आहे, त्यावर आलेली दुसऱ्याची चावी तुमची नाही.

यूपीआय सुरू करताना हाच प्रसंग येतो. अ‍ॅपमध्ये बँक निवडली की त्या बँकेत या नंबराला जोडलेलं खातं अ‍ॅप शोधून आणतं. जुन्या माणसाचं खातं त्याच बँकेत असेल, तर त्याच्या खात्याचे शेवटचे आकडे तुमच्या पडद्यावर येतात. पुढं जाऊ नका. डेबिट कार्डाचे आकडे किंवा आधार पडताळणी असल्याशिवाय नवा पिन ठरत नाही, त्यामुळे पैसे असे सहज निघत नाहीत, पण ते खातं तुमच्या अ‍ॅपमध्ये जोडलंच जाऊ नये. तुमचं स्वतःचं खातं असलेल्या शाखेत जाऊन नवा नंबर लेखी अर्जानं नोंदवा. नंबर आधीच दुसऱ्या ग्राहकाच्या नावापुढं आहे असं तिथं निघालं, तर त्याच अर्जात सिम चालू झाल्याची तारीख लिहा आणि पोच घ्या.

बँकांनाही आता सुटका नाही. बंद झालेल्या नंबरांची यादी ट्राय आणि दूरसंचार विभाग देतात. ती वापरून आपल्या नोंदी साफ करा, असं रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितलं. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनंही बँकांना आणि अ‍ॅपवाल्यांना आठवड्यातून किमान एकदा ही तपासणी करायला सांगितलं. त्यामुळे पूर्वीपेक्षा बरं आहे. पण गॅस एजन्सी, पतसंस्था, शाळा, दुकानं यांच्यावर असं बंधन नाही, आणि आपल्या भागातली निम्मी देवाणघेवाण तिथंच चालते.

वसुलीवाल्याला काय सांगायचं

वसुलीचे फोन कट करून थांबत नाहीत. फोन लावणाऱ्याच्या यादीत 'उचलला नाही' एवढीच नोंद पडते आणि उद्या दुसरा मुलगा लावतो. म्हणून एकदा उचला. मराठी कळत नसेल तर "ई नंबर ईग नंदु री", म्हणजे हा नंबर आता माझा आहे, एवढं कन्नड पुरे. मग कंपनीचं नाव आणि कर्ज कुणाच्या नावावर आहे एवढं विचारून घ्या. तुमचं नाव, पत्ता, आधार काहीही सांगायचं नाही. 'खात्री करायला जन्मतारीख सांगा' म्हटलं तरी नाही, कारण ती त्या कर्जाच्या फाइलला चिकटू शकते.

नाव कळलं की त्या बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. पत्ता त्यांच्या संकेतस्थळावर असतो. इंग्रजी किंवा कन्नड जमत नसेल तर पोराकडून लिहून घ्या, मजकूर चार ओळींचाच हवा : हा नंबर अमुक तारखेला मला नवीन मिळाला आहे, मी तुमचा कर्जदार, जामीनदार किंवा नातेवाईक नाही, हा नंबर त्या कर्जखात्यातून काढा आणि काढल्याचं लेखी कळवा. सोबत सिमच्या तारखेचा पुरावा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावताही येत नाही. तसा फोन आला तर तारीख-वेळ वहीत मांडा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. शिवीगाळ किंवा धमकी असेल तर ३० दिवस थांबायचं कारण नाही, पोलीस ठाण्यात जा.

नुसत्या जाहिरातींचे फोन असतील तर 1909 वर START 0 असा मेसेज पाठवा. त्यानं जाहिराती थांबतात, वसुली थांबत नाही. दोन्ही एकच समजून लोक वैतागतात.

माणसांचे फोन मात्र प्रेमानं घ्यावेत. एखादी म्हातारी दर सणाला भावाच्या नंबरवर फोन करते आणि तो भाऊ आता नसतो किंवा नंबर बदलून गेलेला असतो. "हा नंबर आता दुसऱ्याकडे आहे, तुमच्या घरातल्या कुणाकडून नवा नंबर घ्या" एवढं सावकाश सांगितलं की पुन्हा फोन येत नाही. शाळेचे मेसेज येत असतील तर शाळेला एकदा कळवाच. तिकडं कुणाच्या तरी पोराची खबर घरी पोचत नाहीये.

जुना नंबर डब्यात टाकणाऱ्यांसाठी

अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये विक्रीला उपलब्ध असलेले २५९ नंबर तपासले. त्यातले १७१ कुठल्या ना कुठल्या संकेतस्थळावरच्या चालू खात्याशी अजून जोडलेले निघाले. म्हणजे ही सवय फक्त आपलीच नाही. पण आपल्या भागात एक जादा कारण आहे. इथला माणूस पुणे, मुंबई किंवा हैदराबादला जातो आणि नवं राज्य, नवं सिम असं धरून चालतो. रोमिंगच्या पैशांच्या काळातली ही सवय आहे. जुलै २०१५ पासून नंबर तोच ठेवून देशभर कुठल्याही सर्कलमध्ये आणि कंपनीत जाता येतं. जुन्या सिमवरून 1900 ला PORT लिहून, जागा सोडून नंबर पाठवायचा, आलेला कोड नव्या गावच्या दुकानात द्यायचा. कर्नाटकातून महाराष्ट्रात नंबर न्यायला साधारण पाच कामाचे दिवस लागतात. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, एवढी अट.

तरीही नंबर सोडायचाच असेल, तर जुनं सिम चालू असतानाच कामं उरका. त्या सिमवरचे गेल्या वर्षभराचे मेसेज खालपर्यंत बघत जा. ज्या ज्या ठिकाणाहून ओटीपी किंवा हप्त्याचा मेसेज आलाय, ती ठिकाणं कागदावर लिहा. तुमची खरी यादी तीच, आठवून केलेली यादी नेहमी अपुरी असते. बँकेत शाखेत जाऊन बदल करा, कारण काही बँकांत नोंदलेल्या नंबरवरून नुसता मिस्ड कॉल दिला तरी शिल्लक मेसेजवर येते आणि ती नव्या माणसालाही कळेल. आधारचा नंबर आधार केंद्रात अंगठा देऊन बदलतो, त्याला जुना नंबर चालू असावा लागत नाही. म्हणजे सिम आधीच बंद पडलं असेल तरी ही वाट उघडी आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये Change number वापरलं की खातं नव्या नंबरवर जातं आणि जुन्यावर काही उरत नाही. गूगल खात्यातला फोन नंबरही बदला, तो हमखास राहतो.

आणि गावाकडं आईवडिलांच्या नावानं असलेली सिमं पाहा. गृहलक्ष्मीचे मेसेज, रेशनचे मेसेज, बँकेचे मेसेज त्यांच्यावर येतात आणि फोन महिनोन् महिने कोनाड्यात पडलेला असतो. पैसे जमा झाले की नाही हे विचारायला म्हातारी बँकेत खेटे घालते. त्या सिमवर २० रुपयांहून जास्त शिल्लक ठेवा आणि दर महिन्याला त्यावरून एक फोन लावून बघा.